रबरी रिंग आणि धनुर्वात: आमच्या करडाचा अनुभव

बाजारातून आणलेल्या करडाला खच्चीकरणाची रबरी रिंग आधीच घातलेली होती. कागलकडच्या आमच्या गावात ही पद्धत काहींना सोयीची वाटते, कारण रक्त येत नाही. पण रिंगेखालचा भाग मरतो आणि गळून पडेपर्यंत तसाच लोंबत राहतो. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतातच. त्यांना वाढायला प्राणवायू नसलेली जागा लागते, ती इथं आयती मिळते.

दुसऱ्या आठवड्यात करडू मागचे पाय आखडून चालायला लागलं. आई म्हणाली, "उडी मारताना लचकलं असंल." पण कान ताठ होते, शेपटी उचललेली होती आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरट पडदा बुबुळावर सरकत होता. घमेलं आपटलं तसं सगळं अंग ताठलं. चाऱ्याला तोंड लावायचं, पण जबडा उघडत नव्हता. डावी कूसही फुगलेली. नुसतं लचकलेलं जनावर आवाजाला असं ताठत नाही, म्हणून डॉक्टरांना बोलावलं.

त्यांनी आधी धनुर्वातविरोधी सिरम टोचलं, मग रिंग कापून मेलेला भाग काढला. जखम हायड्रोजन पेरॉक्साइडनं धुतली, पेनिसिलिन सुरू केलं. क्रम मुद्दाम तसा होता: जखम हलवली की जंतूंनी तयार केलेलं आणखी विष रक्तात जाऊ शकतं. ते म्हणाले, "मज्जातंतूंना चिकटलेलं विष सिरमनं सुटत नाही. पुढचं थांबवता येतं, बाकी त्याच्या नशिबावर आणि तुमच्या देखभालीवर."

देखभाल म्हणजे अंधारी, शांत खोली, कानात कापूस, खाली जाड पेंढा आणि आडवं पडलं की कूस बदलणं. बाटलीनं पाणी पाजायला डॉक्टरांनी सक्त मनाई केली, कारण गिळता येत नसलं की पाणी फुप्फुसात उतरतं. सलाइन आणि पोटातली नळी तेच बघायचे, गॅसही नळीनंच काढायचे. शेजारचे काका "थोडं गूळपाणी घाल की" म्हणायचे, त्यांना थोपवणं अवघडच गेलं. जबडा हळूहळू सैल झाला. कोवळा पाला चावायला लागलं तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.

बरं झालं तरी डॉक्टरांनी टॉक्सॉइडची लस सुरू केली. या रोगाला पुरणारं विष इतकं कमी असतं की त्यातून प्रतिकारशक्ती येत नाही. दुसरा डोस 4 ते 6 आठवड्यांनी, मग वर्षाला एकदा. लसीचा असर व्हायला वेळ लागतो, म्हणून लस न झालेल्या जनावराला खोल जखम झाली किंवा अडलेल्या शेळीत हात घालावा लागला, तर त्याच दिवशी सिरमचं विचारायचं. गाभण शेळ्यांना विण्याच्या महिनाभर आधी बूस्टर देतो, म्हणजे चिकातून करडांना काही आठवडे संरक्षण मिळतं. खच्चीकरण आता बर्डिझो चिमट्यानं करून घेतो, त्यात कातडी फाटत नाही.