पायाची सूज आणि बीपीची गोळी

आज काउंटरवर एक काका नेहमीची बीपीची गोळी अ‍ॅम्लोडिपिन १० घ्यायला आले. चिठ्ठी दोन वर्षं जुनी. “आणि पाय सुजतात हो, एक लघवीची गोळीपण द्या.”

“सूज दोन्ही पायांना? संध्याकाळी वाढते, सकाळी ओसरते?”

“अगदी तसंच!”

बीपीची ही गोळी बारीक धमन्या रुंद करते, पण पुढच्या शिरा तेवढ्या उघडत नाहीत. मग केशवाहिन्यांतला दाब वाढून पाणी घोट्याशी झिरपतं. अंगात पाणी जास्त झालेलं नसतं, म्हणून लघवीच्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. उलट सोडियम-पोटॅशियम घसरून चक्कर येऊ शकते. ५ मिलिग्रॅमपेक्षा १० ला ही सूज जास्त दिसते. डॉक्टर अशा वेळी डोस कमी करतात, किंवा सोबत शिराही उघडणारी टेल्मिसार्टनसारखी बीपीची दुसरी गोळी देतात.

“मग बंदच करतो ही!”

“नको काका, बीपी चढेल. लघवीची गोळी मी देत नाही. या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा, तोवर सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून लिहून ठेवा. सूज मूत्रपिंडामुळेही येते, म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी करायची का ते विचारा. पण एकच पाय सुजून दुखायला लागला, किंवा आडवं झाल्यावर धाप लागली, तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.”