चार शेतकऱ्यांचं पेमेंट आणि सात पानांची चार्ज नोट

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत मी व्यवस्थापक आहे. आमचं खत-बियाण्याचं दुकान आहे, आणि हंगामात हमीभावाचं खरेदी केंद्र चालतं. कंपनी सुरू झाली तेव्हापासूनचे आमचे लेखापाल गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर जिल्हा परिषदेत रुजू व्हायला निघाले. आम्ही सगळे त्यांना दादाच म्हणतो. त्यांनी स्वतःहून सात पानं हातानं लिहून चार्ज नोट, म्हणजे काम सोपवतानाचं टिपण, दिली. अक्षर सुंदर, एकही ओळ खोटी नाही, आणि लपवलेलं काहीच नाही. तरी ती वाचून त्यांच्या जागी येणाऱ्या मुलीला सोमवारी सकाळी टेबलावर बसून पहिलं काय करायचं ते कळलं नसतं. नोट त्यांना जसं आठवलं त्या क्रमानं उतरली होती.

मी दोन झेरॉक्स काढल्या. एकीवर प्रत्येक वाक्याला क्रमांक दिला आणि शेजारी एक अक्षर लिहायला सुरुवात केली: नेहमीच्या कामाला ‘क’, अर्धवट राहिलेल्याला ‘प्र’, माणसाला ‘सं’, कागद किंवा फाईल कुठे आहे याला ‘ठ’. पहिल्याच पानावर हात थांबला, कारण वाक्य होतं: ‘हरभऱ्याचे ४ शेतकऱ्यांचे पेमेंट रिटर्न झाले, काम चालू आहे, साहेबांशी बोलणे झाले, कागद कपाटात आहेत.’ चारही अक्षरं एकाच वाक्यावर पडत होती. मी दादांना समोर बसवलं.

‘‘सारं लिवलं ना ताई, आता अजून काय राह्यलं?’’ ते म्हणाले.

राहिलं होतं ते हे की ‘काम चालू आहे’ ही कामाची स्थिती सांगत नाही. अर्धवट कामाबद्दल मला पाच गोष्टी हव्या असतात. शेवटचं काय झालं आणि कोणत्या तारखेला, आता चेंडू कोणाकडे आहे, पुढची कृती कोणती, ती कधीपर्यंत, आणि काम संपलं हे कशावरून ओळखायचं. शेवटचा प्रश्न सगळ्यांत जास्त विसरला जातो. तो विचारला नाही तर संपलेलं कामसुद्धा यादीत वर्षभर पडून राहतं.

ज्यांना खरेदी केंद्राचं काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शेतकरी आधार, सातबारा, पीकपेरा आणि पासबुक देऊन नोंदणी करतो. बोलावणं आलं की माल आणतो. ओलावा आणि दर्जा तपासून ५० किलोच्या कट्ट्यांत वजन होतं. माल गोदामात जातो, गोदाम पावती मिळते, ती वर मान्य झाली की पैसे थेट शेतकऱ्याच्या खात्यात पडतात. २०२५च्या हंगामात हरभऱ्याचा हमीभाव क्विंटलला ५,६५० रुपये होता. पैसे खात्यात न पडता परत गेले तर आमच्याकडे फक्त यादीत ‘रिटर्न’ एवढं दिसतं. कारण आम्हीच शोधायचं.

मी दादांना म्हटलं, चौघांचं एकेक करून सांगा. तासभर लागला, पण त्या तासात एका ओळीची चार वेगळी प्रकरणं झाली.

पहिल्या शेतकऱ्याच्या खाते क्रमांकात नोंदणीच्या वेळी एक अंक चुकला होता. दादांनी पासबुकाची प्रत जोडून दुरुस्तीचा अर्ज जिल्हा कार्यालयात दिला होता. म्हणजे चेंडू तिकडे होता, आमची पुढची कृती फक्त विचारणा करण्याची. मात्र अर्जाची पोचपावती दादांच्या मोबाईलमध्ये फोटो म्हणून होती, कपाटात नव्हती.

दुसऱ्याचं सगळं बरोबर होतं, तरी पैसे दोनदा परत गेले होते. त्यानं १४ क्विंटल हरभरा दिलेला, म्हणजे ७९,१०० रुपये. त्याचं खातं पूर्ण केवायसी न करता उघडलेलं, ज्याला बँक ‘स्मॉल अकाउंट’ म्हणते. अशा खात्यात शिल्लक ५० हजारांच्या वर जाऊ शकत नाही आणि वर्षभरात एकूण एक लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही. दादांना हे शाखेतून कळलं होतं, शेतकऱ्याला त्यांनी तोंडी सांगितलंही होतं, पण नोटेत त्याचा मागमूस नव्हता. नव्या माणसानं पुन्हा तेच खातं पाठवलं असतं आणि पैसे तिसऱ्यांदा परत आले असते. इथे चेंडू शेतकऱ्याकडे होता: आधार-पॅन घेऊन शाखेत जाणं, केवायसी पूर्ण करणं, मग आम्हाला सांगणं. आमची कृती त्यानंतरची.

तिसरे आजोबा माल देऊन महिन्याभरात वारले होते. त्यांच्या मुलाकडून मृत्यूचा दाखला आला होता, वारसांची कागदं यायची होती. हे प्रकरण महिनोन्‌महिने चालणारं आहे आणि ते लेखापालानं एकट्यानं सांभाळायचं नाही, म्हणून त्यापुढे मी स्वतःची जबाबदारी लिहिली.

चौथ्याबद्दल दादा बोलता बोलता थांबले. ‘‘याचे पैसे आले असन, असं वाटते.’’ आम्ही फोन लावला, त्यानं पासबुक भरून आणलं, आणि पैसे खरंच तीन आठवड्यांपूर्वी जमा झालेले निघाले. नोटेतली ओळ दादांनी जुन्या यादीवरून उतरवली होती. तेव्हापासून चार्ज नोटेतलं प्रत्येक ‘प्र’ मी मूळ पुराव्याशी ताडून बघते, लिहिणारा कितीही प्रामाणिक असो. प्रामाणिक माणसाच्या आठवणीलाही तारीख नसते.

नेहमीची कामं त्या मानानं सोपी गेली, पण तिथेही एक गाठ होती. दादांनी ‘जीएसटी भरणे’ आणि ‘मे महिन्याच्या एका बिलाचा जीएसटी जुळत नाही’ हे शेजारी शेजारी लिहिलं होतं. पहिलं दर महिन्याचं कर्तव्य आहे: आम्ही मासिक विवरण भरतो, त्यामुळे विक्रीचं ११ तारखेपर्यंत आणि कर भरण्याचं, म्हणजे ३बी, २० तारखेपर्यंत. दुसरं एकदा सुटलं की संपणारं काम. दोन्ही एकाच यादीत ठेवली की नवा माणूस बिलाचा घोळ सोडवण्यात गुंततो आणि २० तारीख निघून जाते. म्हणून कर्तव्यांचा तक्ता मी रोज, आठवडा, महिना, हंगाम आणि वर्ष असा लावला, आणि प्रत्येकापुढे ‘झाल्याची खूण’ लिहिली. रोजच्या खत विक्रीची खूण म्हणजे पॉस मशीनवरचा साठा आणि गोदामातली पोती जुळणं. विवरणाची खूण म्हणजे पोर्टलवरून आलेला पोच क्रमांक, एआरएन.

संपर्कांचं पान मात्र पुन्हा पहिल्यापासून लिहावं लागलं. दादांच्या नोटेत ‘साहेब’, ‘मोठे साहेब’, ‘गोदामवाले साहेब’ आणि ‘ट्रकवाले भाऊ’ होते. दादांना ते सगळे चेहऱ्यानं ठाऊक. मी नावांऐवजी प्रसंगापासून सुरुवात केली. गोदामावर माल नाकारला तर कोणाला फोन करायचा? बारदाना संपत आला तर किती दिवस आधी आणि कोणाला? पॉस मशीन बंद पडलं तर? प्रत्येक प्रसंगापुढे पद, कार्यालय, नंबर, आणि त्यांच्याशी शेवटचं काय ठरलंय. शेवटी एक रकाना: दादा जात असल्याचं त्यांना सांगितलं का. त्यातल्या महत्त्वाच्या लोकांना दादांनी जाण्याआधी माझ्यासमोर फोन करून नव्या मुलीची ओळख करून दिली. आमच्याकडे ओळखीशिवाय आलेला फोन लोक लवकर उचलत नाहीत, त्यामुळे या फोनांना मी बराच वेळ दिला.

काही वाक्यं माणसांविषयीच्या मतांची होती. ‘हा उधारी बुडवतो’ वगैरे. ती मी नोटेत ठेवली नाहीत. त्याऐवजी ‘या खात्याची उधारी मार्चपासून बाकी, उधारी वही पाहा’ असं लिहिलं. चार्ज नोट अनेकांच्या हातून जाते. तिच्यात तपासता येईल तेवढंच असावं.

सर्वांत मोठा धोका ठिकाणांच्या पानात लपला होता. ‘कागद कपाटात आहेत’ हे तपासायला मी आमच्या दुकानातल्या मुलाला पाच कागदांची यादी दिली आणि दादांना काही बोलायचं नाही असं सांगितलं. बियाणे परवान्याची मूळ प्रत भिंतीवर होती, ती लगेच मिळाली. गोदाम पावत्यांची फाईल मिळाली. बाकीच्या तीन गोष्टींसाठी तो कपाट उलथंपालथं करत राहिला, कारण त्या कपाटात नव्हत्याच. उधारीचा ऑनलाइन तक्ता दादांच्या खाजगी ईमेलच्या मालकीचा होता आणि आमच्याकडे फक्त लिंक होती. काटा पट्ट्यांचे फोटो त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर होते. आणि जीएसटी पोर्टलवर नोंदलेला मोबाईल त्यांचा होता, म्हणजे ओटीपी यवतमाळला जाणार आणि विवरण इथे अडणार.

हे तिन्ही दादा असतानाच सोडवायचं होतं. तक्त्याची मालकी त्यांनी कंपनीच्या ईमेलकडे पाठवली. खाजगी खात्यांत समोरच्यानं ती स्वीकारल्याशिवाय बदल होत नाही, म्हणून तेही तिथेच बसून केलं. फोटो तारखेप्रमाणे फोल्डरात घेतले. पोर्टलवरचा नंबर आतून, नोंदणीतल्या दुरुस्तीतून, बदलला. माणूस गेल्यावर आणि पासवर्डही हरवल्यावर हेच करायला अधिकाऱ्याकडे अर्ज घेऊन जावं लागतं. पासवर्ड मात्र नोटेत एकही लिहिला नाही. ते बंद पाकिटात अध्यक्षांकडे, आणि नोटेत फक्त ‘पाकीट अध्यक्षांकडे’ एवढंच.

दोन-चार वाक्यं कोणत्याच अक्षरात बसली नाहीत. ‘पावसाळ्यात गोदामाचा जुना रस्ता बंद होतो, ट्रक वळसा घालून येतो.’ ती मी फेकली नाहीत. हंगामाच्या कर्तव्यांत, माल पाठवण्याच्या ओळीखाली नेऊन ठेवली. दादांचं खरं शहाणपण अशाच ओळींत होतं, आणि चार कप्प्यांचा हट्ट धरला असता तर तेच आधी गळलं असतं.

सात पानांची नोट साडेतीन पानांची झाली. प्रलंबित कामं सर्वांत वर, कारण तारखा त्यांनाच असतात. दादा, नवी लेखापाल आणि अध्यक्ष, तिघांनी प्रत्येक पानावर सही केली. मूळ सात पानंही सोबत जोडून ठेवली, कारण माझ्या मांडणीत एखादा शब्द सुटला असेल तर शोधायला तीच लागतील.

अंक चुकलेल्या शेतकऱ्याचं पेमेंट पुढच्या फेरीत झालं. स्मॉल अकाउंटवाल्यानं केवायसी केली आणि त्याचे ७९,१०० एकरकमी जमा झाले. आजोबांच्या वारसांचं प्रकरण अजून यादीत आहे: मुलींपैकी एकीची सही बाकी, ती दिवाळीला माहेरी येणार, आणि त्या रकान्यात पुढची तारीख तीच आहे.