टाक्यांचं अ‍ॅप: रेंज नसताना लिहिलेली नोंद सर्व्हरवर नेमकी एकदाच कशी पोचवायची

गडांवरच्या पाण्याच्या टाक्यांचं अ‍ॅप आता रेंजशिवाय पूर्ण चालतंय. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. पुण्याहून शनिवार-रविवार राजगड, तोरणा, राजमाची अशा गडांवर जाणारा आमचा एक ग्रुप आहे. कुठल्या टाक्यात पाणी आहे, ते पिण्याजोगं आहे का आणि ते कोणी कधी पाहिलं, एवढंच अ‍ॅपमध्ये लिहायचं. ही माहिती लिहायची आणि बघायची गरज पडते ती वर माचीवर, आणि तिथे रेंजचा भरवसा नाही. म्हणून आधीची "सर्व्हरला विचार, उत्तर आलं की दाखव" ही रचना सगळी मोडली.

आता अ‍ॅपची कुठलीही स्क्रीन सर्व्हरशी बोलत नाही. वाचणं आणि लिहिणं दोन्ही फोनमधल्या एसक्यूलाइट डेटाबेसशी, रूम या अँड्रॉइडच्या लायब्ररीमार्फत. सर्व्हरशी बोलायचं काम मागे चालणाऱ्या एका वेगळ्या तुकड्याकडे आहे. ही विभागणी कागदावर सोपी वाटते, पण पाळायची तर कडक पाळावी लागते. "एवढं एक बटण थेट सर्व्हरला मारू दे" असं एकदा केलं की ते बटण गडावर नुसतं गोल फिरत बसतं.

नोंद लिहिली की दोन गोष्टी व्हायला हव्यात: नोंद `nondi` टेबलात जायला हवी आणि "ही पाठवायची आहे" अशी ओळ `outbox` टेबलात जायला हवी. दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. वेगवेगळ्या केल्या आणि मध्येच फोन बंद पडला, तर नोंद फोनवर दिसते पण कधीच पाठवली जात नाही. लिहिणाऱ्याला वाटतं गेली, बाकीच्यांना ती कधी दिसतच नाही, आणि एररही कुठे येत नाही.

```kotlin
@Transaction
suspend fun nondGhal(n: Nond) {
    insertNond(n)
    insertOutbox(Outbox(
        opId = UUID.randomUUID().toString(),
        body = n.toJson()
    ))
}
```

नोंदीचा `id` सुद्धा फोनवरच, यूयूआयडी म्हणून तयार होतो. सर्व्हरकडून १, २, ३ असे आकडे घ्यायचे म्हटलं तर रेंज येईपर्यंत नोंदीला ओळखच नाही, आणि प्रत्येक फोनने आपापले आकडे दिले तर दोन फोनवर ५७ नंबरच्या दोन वेगळ्या नोंदी होतात.

आता खरी मेख. रिक्वेस्ट सर्व्हरला पोचत नाही हा सोपा प्रकार आहे, पुन्हा पाठवली की झालं. अवघड प्रकार असा की रिक्वेस्ट पोचली, सर्व्हरने नोंद लिहून घेतली, आणि "मिळाली" हे उत्तर परत येताना रेंज गेली. गुंजवण्याहून नसरापूरकडे येताना हे सहज होतं, गाडी वळली की रेंज जाते आणि पुढच्या वळणावर पुन्हा येते. फोनच्या बाजूने दोन्ही प्रकार हुबेहूब सारखे दिसतात: टाइमआउट. न पाठवावं तर नोंद हरवू शकते, पुन्हा पाठवावं तर डबल होऊ शकते. फोनवर कितीही हुशारी केली तरी हे फोनला कळणार नाही, म्हणून उपाय सर्व्हरवर आहे. फोनने बिनधास्त पुन्हा पाठवायचं, मात्र तोच `opId` लावून. सर्व्हर झालेल्या `opId` ची यादी ठेवतो.

```sql
BEGIN;
INSERT INTO zalele_op (op_id) VALUES ($1)
ON CONFLICT DO NOTHING;
-- ओळ गेली तरच नोंद लिहायची,
-- नाहीतर "झालंय" एवढंच उत्तर
COMMIT;
```

`opId` ची ओळ आणि खरी नोंद एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये आहेत हे इथेही महत्त्वाचं. सर्व्हरवरच्या पोस्टग्रेस डेटाबेसचा एक फायदा म्हणजे, पहिली रिक्वेस्ट अजून चालू असतानाच दुसरी त्याच `opId` सह आली, तर दुसरी पहिलीचा निकाल लागेपर्यंत थांबते. त्यामुळे दोघी एकदम घुसल्या असं होत नाही.

हे तपासायला एअरप्लेन मोड फारसा उपयोगाचा नाही. त्यात कनेक्शन एकदम साफ तुटतं, आणि आपल्याला हवंय नेमकं मधलं तुटणं. मी टेस्ट सर्व्हरला एक सेटिंग दिलंय: `COMMIT` झाल्यावर उत्तर न देता सॉकेट बंद करायचं. मग फोन पुन्हा पुन्हा पाठवत राहतो, आणि शेवटी सर्व्हरच्या टेबलात त्या नोंदीची एकच ओळ दिसली पाहिजे. ही तपासणी न करता कोणी सिंक तयार झाला म्हटलं तर मी तरी विश्वास ठेवत नाही.

पुढचा प्रश्न एकाच टाक्याबद्दल दोघांनी लिहिलं तर काय हा. एक प्रसंग घेऊ. शनिवारी संध्याकाळी एकाने पद्मावती माचीवरच्या टाक्याबद्दल लिहिलं, "भरपूर पाणी, पिण्याजोगं". त्याच्या फोनची बॅटरी संपली आणि घरी येऊनही त्याने अ‍ॅप मंगळवारपर्यंत उघडलं नाही. रविवारी सकाळी दुसरीने तेच टाकं पाहिलं: "वर तवंग, वास येतोय, पिऊ नका". तिची नोंद रविवारी दुपारी हायवेला लागल्यावर सर्व्हरला पोचली. "शेवटी आलेलं खरं" असा नियम ठेवला, तर मंगळवारी शनिवारची जुनी नोंद येऊन रविवारचा इशारा पुसून टाकते. पुढच्या आठवड्यात जाणारा माणूस तेच पाणी पितो.

म्हणून टाक्याची स्थिती ही बदलायची गोष्टच ठेवलेली नाही. प्रत्येक पाहणी ही नवी ओळ, जुनीला कोणी हात लावत नाही, आणि स्क्रीनवर सगळ्यात वर येते ती सगळ्यात शेवटी *पाहिलेली*. ती कधी पोचली याला महत्त्व नाही. दोन ओळी कधी भांडतच नाहीत, कारण दोन्ही खऱ्या आहेत. माझ्या मते सिंकचं डोकं लावण्याआधी "हे बदलण्याऐवजी नुसतं भर घालून भागतंय का" हा प्रश्न विचारावा. अर्धी कटकट तिथेच संपते.

पण मग पाहिल्याची वेळ खरी हवी. फोनचं घड्याळ माणूस हाताने बदलू शकतो, आणि बॅटरी पूर्ण उतरून चालू झालेला फोन कधीकधी भलतीच तारीख दाखवतो. टाक्याची जागा तर आपण घेतोच. `GPS_PROVIDER` कडून जागा मिळते तेव्हा तिच्यासोबत वेळही येते, आणि तिला रेंज लागत नाही. जागा मिळाली असेल तर `Location.getTime()` ची वेळ वापरतो, नाहीतर फोनची, आणि कुठली वापरली ते नोंदीत लिहून ठेवतो.

टाक्याचं नाव आणि नकाशावरची जागा मात्र खरोखर बदलायच्या गोष्टी आहेत. तिथे फोन "मी ७ नंबरची आवृत्ती बघून हा बदल केला" असं कळवतो. सर्व्हरवर अजून ७ च असेल तर बदल लागतो आणि आवृत्ती ८ होते. तोवर कोणी ८ केली असेल तर सर्व्हर `409` देतो आणि अ‍ॅप दोन्ही नावं समोर ठेवून निवडायला सांगतं. हा `409` रांगेतून बाजूला काढावा लागतो, तसंच `400` सुद्धा. नाहीतर ती एक ओळ जन्मभर नाकारली जाते आणि तिच्या मागच्या चांगल्या नोंदी अडकून बसतात. `500` किंवा टाइमआउट असेल तरच तीच ओळ पुन्हा.

सर्व्हरकडून नवं आणणं हा उलटा भाग. फोन म्हणतो "माझ्याकडे ४० पर्यंत आहे, पुढचं दे". क्रमांक सर्व्हर देतो, वेळेवर भिस्त नाही. इथे एक बारीक खाच आहे. पोस्टग्रेसच्या सीक्वेन्समधून ४१ एका ट्रान्झॅक्शनला मिळाला, ४२ दुसऱ्याला, आणि ४२ आधी कमिट झाला. त्याच क्षणी फोनने विचारलं तर त्याला ४२ मिळतो, तो "४२ पर्यंत आहे" असं लिहून ठेवतो, आणि मागाहून कमिट झालेला ४१ त्या फोनला कधीच मिळत नाही. ओळखायची खूण अशी: एकच फोन, एकच नोंद गायब, बाकी सगळ्यांकडे आहे, आणि अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं की ती येते. उपाय म्हणून क्रमांक सीक्वेन्सऐवजी एका साध्या ओळीतून घेतो:

```sql
UPDATE kram SET n = n + 1 RETURNING n;
```

ही ओळ कमिट होईपर्यंत लॉक राहते, त्यामुळे ४२ मागणारा ४१ संपेपर्यंत थांबतो. सगळं लिहिणं एका रांगेत येतं हा तोटा आहे, पण आमच्यासारख्या छोट्या ग्रुपला तो जाणवत नाही. हजारो लोक लिहीत असतील तर हा उपाय वापरू नये.

आणलेला डेटा फोनवर लिहिताना एक पथ्य: ज्या टाक्याचा बदल अजून `outbox` मध्ये आहे, त्याच्यावर सर्व्हरचं घालायचं नाही. नाहीतर माणसाने आत्ताच दुरुस्त केलेलं नाव त्याच्या डोळ्यांदेखत जुनं होतं.

मागचं काम अँड्रॉइडचा वर्कमॅनेजर करतो, अट `NetworkType.CONNECTED`, चुकलं तर `Result.retry()`. ठरावीक अंतराने चालवायचं असेल तर तो १५ मिनिटांच्या खाली जात नाही, आणि फोन खिशात झोपलेला असेल तर त्याहूनही उशीर करतो. म्हणून अ‍ॅप उघडलं की लगेच एक सिंक वेगळा लावला आहे.

ग्रुपमधल्या काकांना हे सगळं दाखवलं तेव्हा त्यांचा प्रश्न एकच होता, "अरे, पण मी लिहिलेलं गेलं की नाही हे मला कसं कळणार?" तेव्हा प्रत्येक नोंदीशेजारी एक लहान खूण आली: घड्याळ म्हणजे फोनमध्येच आहे, बरोबरची खूण म्हणजे सर्व्हरने घेतली. वर "पाठवायच्या बाकी: ३" असंही दिसतं. काका आता नसरापूरला चहाला थांबलो की तो आकडा शून्य होईपर्यंत गाडीत बसत नाहीत.

खोडलेल्या नोंदी टेबलातून काढत नाही, `khodli = true` करतो. ओळच उडवली तर "पुढचं दे" म्हणणाऱ्या फोनला ती उडाल्याचं कळायला मार्गच उरत नाही. फोटोंचं काम अजून बाकी आहे. ते वेगळ्या रांगेत, नोंदीच्या मागून जातील, कारण "पिऊ नका" हे दोन शब्द चार एमबीच्या फोटोमागे अडकून चालणार नाही. आणि `zalele_op` ची यादी किती दिवस ठेवायची हे ठरवायचंय. नोंदींना त्यांचा स्वतःचा `id` डबल होण्यापासून वाचवतो, पण नावाच्या बदलाला फक्त `opId` चाच आधार आहे. यादी साफ केल्यावर कोणी पावसाळाभर ड्रॉवरमध्ये पडलेला फोन चालू केला, तर आधीच लागलेला त्याचा जुना बदल `409` म्हणून परत येईल आणि त्याला उगाच दोन नावांतून निवडायला लावेल. सध्या तरी काहीच साफ करत नाही.