भोसरीच्या कारखान्याला वेबसाइटचा प्रस्ताव लिहिताना : माझा अनुभव

हायड्रॉलिक फिटिंग्ज बनवणारा भोसरी एमआयडीसीतला एक छोटा कारखाना. पाच प्रकारची उत्पादनं, साइजप्रमाणे मोजली तर ऐंशी. त्यांना वेबसाइट हवी होती आणि मी एकटा काम करणारा डिझायनर. बोलणं झाल्यावर मालक म्हणाले, "साहेब, कोटेशन पाठवा." त्या दोन पानी पत्रात काय लिहिलं आणि का, ते इथे मांडतोय.

छोटा कारखानदार रोज कोटेशन वाचतो आणि रोज देतो. वर्णन, नग, दर, रक्कम ही त्याची भाषा. त्यामुळे "आकर्षक, आधुनिक वेबसाइट" असं काही मी पत्रात लिहीत नाही. टॉलरन्स नसलेलं ड्रॉइंग टर्नरच्या हातात दिलं तर जे होतं, तेच आकडा नसलेल्या कामाच्या वर्णनाचं होतं. प्रत्येक जण आपापल्या सोयीचा अर्थ लावतो.

म्हणून कामाची व्याप्ती अशी लिहिली: मुखपृष्ठ, कंपनीविषयी, मशिन्स व क्षमता, गुणवत्ता तपासणी, चौकशी आणि संपर्क अशी सहा पानं, उत्पादनांच्या प्रत्येक प्रकाराचं एक, अशी आणखी पाच, आणि त्या पाच पानांवरच्या तक्त्यांत ऐंशी ओळी. प्रत्येक ओळीत थ्रेड, साइज, मटेरियल, कमाल दाब आणि पार्ट नंबर. ही माहिती कारखान्याने मी दिलेल्या एक्सेलमध्ये भरून द्यायची. हे वाक्य पत्रात नसेल तर जुनं छापील कॅटलॉग हातात येतं आणि त्यातून टाइप करण्याचं काम आपल्या गळ्यात पडतं. त्यात बीएसपी थ्रेडच्या जागी एनपीटी थ्रेड लिहिला गेला तर चुकीची फिटिंग मागवली जाते, म्हणून आकड्यांची जबाबदारी त्यांच्याकडेच राहिली पाहिजे. भरलेल्या तक्त्यावर उत्पादन विभागातल्या माणसाची सही मी आवर्जून मागतो.

व्याप्तीत काय नाही, हेही तितकंच सविस्तर लिहितो. फोटोग्राफी नाही, इंग्रजी मजकुराचं भाषांतर नाही, ऑनलाइन पेमेंट नाही. फोटोंबाबत एक अट स्वतंत्र ओळीत असते: ग्राहकाच्या ड्रॉइंगप्रमाणे बनवलेला पार्ट, त्यावरचा पार्ट नंबर किंवा ग्राहकाचा लोगो दाखवायचा असेल तर त्या ग्राहकाची लेखी परवानगी कारखान्याने आणायची. मोठ्या कंपन्यांना माल देणाऱ्यांनी बहुधा गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असते आणि वेबसाइटच्या वेळी ते कुणाच्या लक्षात येत नाही.

चौकशीच्या फॉर्मवर मी सगळ्यात जास्त ओळी खर्च केल्या, कारण कारखान्याला धंदा तिथूनच मिळणार. खरेदी विभागातला माणूस ड्रॉइंग जोडून दर विचारतो. पीएचपीमध्ये `upload_max_filesize` ची मूळ मर्यादा २ एमबी असते. स्टेप फाइल किंवा स्कॅन केलेली पीडीएफ सहज त्यापुढे जाते आणि फॉर्म अडतो. चौकशी करणारा परत येत नाही आणि कारखान्याला काही कळतही नाही. म्हणून पत्रात लिहिलं: पीडीएफ, डीडब्ल्यूजी आणि स्टेप फाइल, प्रत्येकी १० एमबीपर्यंत, फॉर्मचा मेल एसएमटीपीने जाईल, प्रत्येक चौकशीची एक प्रत सर्व्हरवर साठेल, म्हणजे मेल स्पॅममध्ये गेला तरी चौकशी हरवणार नाही.

त्याखालची ओळ ईमेलची. कारखान्याचे मेल त्याच डोमेनवर चालतात आणि परचेस ऑर्डरी तिथेच येतात. नव्या होस्टिंगसाठी नेमसर्व्हर बदलले आणि जुन्या `MX` नोंदी तिथे उतरवल्या नाहीत, तर वेबसाइट छान दिसते पण मेल येणं बंद होतं. म्हणून पत्रात स्पष्ट केलं की वेबसाइटसाठी फक्त `A` आणि `www` च्या नोंदी बदलल्या जातील, ईमेलच्या नोंदींना हात लागणार नाही, आणि बदलापूर्वी सर्व नोंदींची प्रत घेतली जाईल. डोमेन आणि होस्टिंग दोन्ही कंपनीच्या नावावर, कंपनीच्या ईमेलवर, कंपनीनेच पैसे भरून घ्यायचं. नूतनीकरणाची सूचना त्यांनाच जायला हवी.

वेळ सहा आठवडे दिला, पण तारखेने नाही. पहिला हप्ता आणि भरलेली एक्सेल, यातलं जे शेवटी मिळेल त्या दिवसापासून मोजणी सुरू. पहिल्या आठवड्यात पानांची रचना आणि मुखपृष्ठाचं डिझाइन, दुसऱ्यात त्यांची मंजुरी आणि दुरुस्त्या, पुढचे तीन बांधणीचे, शेवटचा तपासणीचा. दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या, आणि सगळ्यांच्या सूचना एकाच माणसाने एकत्र करून एका मेलमध्ये पाठवायच्या. मालक, त्यांचा मुलगा आणि मार्केटिंगवाले व्हॉट्सअॅपवर वेगवेगळं सांगू लागले की फेऱ्या मोजताच येत नाहीत. या भागात गुरुवारी सुट्टी असते आणि महिनाअखेरीला सगळा कारखाना डिस्पॅचमागे असतो. मंजुरी मागण्याचे दिवस मी त्या हिशोबाने ठरवतो.

किंमत चार ओळींत दिली. डिझाइन आणि सहा पानं २४,००० रुपये. उत्पादनांची पाच पानं १४,०००. तक्त्यांतल्या ऐंशी नोंदी प्रत्येकी १०० प्रमाणे ८,०००. ड्रॉइंगसह चौकशी फॉर्म आणि मेलची जोडणी ६,०००. एकूण ५२,०००. नोंदींचा दर सुटा दिल्याचा उपयोग लगेच दिसतो. मालक म्हणाले, अजून तीस साइज टाकायच्या आहेत, तर ३,००० वाढतात, वाद होत नाही. दर कमी करायला सांगितलं तर मी रक्कम खाली आणत नाही, ओळ कमी करतो. वार्षिक देखभाल ९,००० रुपये, ऐच्छिक, या बेरजेबाहेर. माझी जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे कर लावलेला नाही, हेही लिहिलं. नाहीतर अकाउंटंट इनपुट क्रेडिट धरून बसतो. टीडीएस कापणार असतील तर तो नियमाप्रमाणे कापावा, एवढं पुरतं.

हप्ते तीन: सुरुवातीला २०,८००, चाचणी लिंक दाखवल्यावर २०,८००, आणि वेबसाइट सुरू करण्याआधी १०,४००. शेवटच्या हप्त्याला एक जोड दिली: किंवा चाचणी लिंक दाखवल्यापासून ३० दिवसांत, जे आधी होईल ते. फोटो आले नाहीत म्हणून तयार काम महिनोनमहिने अडकतं, तेव्हा हीच ओळ कामी येते. पत्राच्या तळाशी उद्यम नोंदणी क्रमांक टाकला. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचं बिल एमएसएमई कायद्यानुसार, लेखी मुदत ठरली असेल तरी, ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. हे कारखान्याच्या अकाउंटंटला ठाऊक असतं. क्रमांक दिसला की बिलाला वेगळा खुलासा जोडावा लागत नाही.

प्रस्तावाला क्रमांक, दिनांक आणि ३० दिवसांची वैधता दिली. उत्तरादाखल परचेस ऑर्डर आली की तिच्यावर बहुतेक वेळा "वेबसाइट, १ नग, ५२,०००" एवढंच असतं. काम सुरू करण्याआधी मी त्यात "प्रस्ताव क्रमांक व दिनांक यानुसार" हे शब्द घालून घेतो. ते नसतील तर कागदावर फक्त एक नग वेबसाइट उरते आणि वरच्या सगळ्या अटी बाहेर राहतात.