चियांग माईचं एटीएम: पहिल्या प्रश्नाला हो, दुसऱ्याला नाही

थायलंडमधल्या चियांग माईत पोचलो तेव्हा खिशात जेमतेम तीनशे बाट होते आणि होमस्टेच्या मावशींना पैसे रोखच हवे होते. त्यामुळे भारतीय डेबिट कार्ड घेऊन कोपऱ्यावरचं एटीएम गाठलं. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये परदेशातली एटीएम सेवा सुरू करून ठेवली होती. ती बंद असेल तर कार्ड चालतच नाही.

10,000 बाट मागितले. पहिल्या स्क्रीनवर आलं, या मशीनचे 220 बाट लागतील, मान्य आहे का? इथे नाही म्हटलं तर व्यवहार तिथेच संपतो. मी हो म्हटलं.

मग दुसरी स्क्रीन. 10,220 बाट म्हणजे 26,368 रुपये, दर 2.58. खाली दोन बटणं: Accept conversion आणि Decline conversion. Decline दाबलं तर पैसेच मिळणार नाहीत, असं वाटून बरेच जण इथे फसतात. तसं होत नाही. नाही म्हटल्यावर रक्कम बाटमध्येच जाते आणि रुपयांचा हिशोब कार्ड नेटवर्क, म्हणजे Visa किंवा Mastercard, आणि आपली बँक करते. मी Decline दाबलं आणि नोटा आल्या.

त्या दिवशी कार्ड नेटवर्कचा दर 2.40 च्या आसपास होता. त्या दराने 10,220 बाटचे 24,528 रुपये. त्यावर माझ्या बँकेचा साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे परकी चलनासाठीचा जादा आकार, आणि जीएसटी मिळून 1,013, शिवाय परदेशी एटीएमचे 125 रुपये अधिक जीएसटी, म्हणजे 147.50. एकूण साधारण 25,689. Accept दाबलं असतं तर 26,368 आणि वर तेच 147.50, म्हणजे सव्वाआठशे रुपये जास्त. काही बँका परदेशात रुपयांत झालेल्या व्यवहारावरही वेगळा आकार लावतात, म्हणून आपल्या कार्डाचं दरपत्रक निघण्यापूर्वीच वाचा. मार्कअप नसलेलं कार्ड असेल तर हा फरक आणखी वाढतो.

मशीनचे 220 बाट मात्र टळत नाहीत. ते आणि बँकेचे 147.50 मिळून दर खेपेला पावणेसातशेच्या आसपास जातात, मग तुम्ही दोन हजार बाट काढा की दहा हजार. आमच्या सोबतच्या काकांनी दोन-दोन हजार करत पाच वेळा काढले आणि नुसत्या या शुल्कापोटी तीन हजारांहून जास्त रुपये घालवले. मला त्यांचं फार वाईट वाटलं, कारण ते पै-पै जपून सहलीला आले होते. तेव्हा चार-पाच दिवसांचा अंदाज बांधून एकदाच काढा.

पैसे घेतल्यावर पावती बघा. तिच्यावर रुपयांचा आकडा आणि दर छापलेला असेल तर रूपांतर मशीननेच केलं आहे. माझ्या पावतीवर फक्त THB 10,220 होतं. आणि नोटा मोजण्याआधी कार्ड परत घ्या; त्या मशीनने नोटा आधी दिल्या आणि कार्ड नंतर.