सर्वेक्षणातले ‘२.२०’ आणि त्याची कोडबुकातली नोंद

खानापूर आणि चिकोडी तालुक्यांतल्या घरोघरच्या सर्वेक्षणाचे फॉर्म भरून झाले, एक्सेलमध्ये आकडेही चढले. आता अहवालाला पद्धतीचे परिशिष्ट आणि कोडबुक जोडायचे होते. प्रश्नावलीची झेरॉक्स लावून खाली कोडांची यादी टाकली की झाले, असा माझा अंदाज होता. प्रश्न १४ पाशी आल्यावर तो कोलमडला.

प्रश्न साधा होता: ‘एकूण जमीन किती?’ एकक लिहायला जागाच ठेवली नव्हती. आपल्याकडे उत्तर येते ‘दोन एकर वीस गुंठे’, आणि सर्वेक्षक लिहितो २.२०. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे ही जमीन अडीच एकर. संगणक मात्र ती दोन पूर्णांक वीस शतांश धरतो. चूक नेहमी एकाच बाजूला जाते. गुंठ्यांना चाळीसऐवजी शंभराने भागल्यामुळे प्रत्येक आकडा खालीच उतरतो, म्हणून सरासरी काढताना वर-खाली होऊन ती फिटत नाही.

एक्सेलने आणखी एक घोळ केला. स्तंभ अंकांचा ठेवला की २.२० मधले शेवटचे शून्य गळते आणि उरते २.२. आता हे वीस गुंठे की दोन? पडद्याकडे पाहून सांगता येत नाही, कागदच काढावा लागतो. आधी कोणते फॉर्म काढायचे, हे टिंबापुढच्या भागावरून ठरवले. गुंठे ३९ च्या पुढे जात नाहीत, त्यामुळे १.७५ दिसले की ते एकर-गुंठ्यांत लिहिलेले नाही हे नक्की. ३.१५ बहुधा गुंठेच. टिंबापुढे एकच अंक असलेले सगळे संशयित. त्यातही २.५ सगळ्यात वाईट: अडीच एकर, की दोन एकर पाच गुंठे?

सीमेमुळे तिसरा प्रकारही निघाला. काही घरांची जमीन पलीकडे महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात आहे, आणि त्यांनी सातबारा समोर धरून उत्तर दिले होते. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. तिथले ०.८० म्हणजे ८० आर, जवळजवळ दोन एकर. हेच एकर-गुंठा समजून वाचायला गेले तर ‘ऐंशी गुंठे’ येतात. योगायोगाने तेही दोन एकरच, कारण आर आणि गुंठा जवळपास सारखे असतात. फसगत होते ती १.२० ला. हेक्टर-आर असेल तर ते साधारण २.९७ एकर, एकर-गुंठा असेल तर दीड.

म्हणून एका स्तंभाचे तीन केले. मूळ नोंद मजकूर म्हणून फॉर्मवरून पुन्हा टाइप केली आणि नंतर तिला हात लावला नाही. कोडबुकातली नोंद अशी झाली:

```
q14_raw   फॉर्मवर लिहिलेले, जसेच्या तसे (मजकूर)
q14_unit  1=एकर-गुंठा  2=हेक्टर-आर  3=दशांश एकर
q14_acre  एकर, दशांशात
          -96 एकक ठरवता आले नाही
          -97 लागू नाही (q13=2, शेती नाही)
          -98 माहीत नाही
          -99 उत्तर दिले नाही
```

टिंबाच्या अलीकडचा भाग B मध्ये आणि पलीकडचा C मध्ये तोडून घेतला, मग रूपांतर सोपे झाले:

```
एकर-गुंठा:   =B2+C2/40
हेक्टर-आर:   =(B2+C2/100)*2.471
```

ही सूत्रे परिशिष्टातही छापली. वाचणाऱ्याला २.२० चे २.५ कसे झाले ते कळायला हवे.

वजा कोड मुद्दाम घेतले. आधी ‘माहीत नाही’ला ९९ होता, आणि वयाच्या स्तंभात ९९ वर्षांच्या आजीही होत्या. जमीन वजा असू शकत नाही, वयही नाही. सरासरीआधी हे कोड वगळायचे राहिले तर किमान मूल्य -99 दिसते आणि चूक लगेच ध्यानात येते. बिनशेतीच्या घरांना शून्य न देता -97 दिला. त्यामुळे परिशिष्टात स्पष्ट लिहावे लागले की जमिनीची सरासरी फक्त शेती असलेल्या घरांची आहे.

भाषेच्या प्रश्नातली गफलत वेगळी होती. शाळेच्या माध्यमाला मराठी फॉर्मवर १ म्हणजे मराठी, कन्नड फॉर्मवर १ म्हणजे कन्नड. ज्याने-त्याने आपली भाषा वर छापली होती. फॉर्म कोणत्या भाषेतला हे टिपणारा स्तंभ नसता तर हे उलगडलेच नसते. `form_lang` पाहून कन्नड फॉर्मचे १ आणि २ उलटे केले. कोडबुकात दोन्ही फॉर्मवरचे पर्याय छापील क्रमाने दिले, आणि शेजारी अंतिम कोड.

शेवटी हे काम न पाहिलेल्या एका सहकाऱ्याला दहा कागदी फॉर्म आणि नुसते कोडबुक दिले. त्याचा प्रश्न १४ एक फॉर्म सोडून बरोबर जुळला. अडला तो २.५ ला. त्याने ३ कोड दिला होता आणि मी -96. मग नोंदीत एक ओळ वाढवली: ‘टिंबापुढे एकच अंक असेल आणि कागदावर एकक नसेल, तर -96.’