पावसाची नोंदवही: तुटलेल्या ओळींचा पीडीएफ शीटमध्ये कसा बसवला

आपल्यासारखे घरी पर्जन्यमापक ठेवणारे बरेच जण महसूल मंडळनिहाय पावसाचे तक्तेही जमवतात. 24 तासांत 65 मिमीच्या वर गेलं की अतिवृष्टी, त्यामुळे यवतमाळकडच्या आमच्या गावांत दर पावसाळ्यात या आकड्यांवर पारावर वाद होतातच. तक्ता मात्र येतो पीडीएफमध्ये, आणि गूगल शीट्समध्ये पेस्ट केला की त्याची पार खिचडी होते. या हंगामात त्यावर जे काम झालं ते लिहितो.

पेस्ट करण्याआधी A रकाना साधा मजकूर म्हणून ठरवून घ्या, नाहीतर शीट काही आकड्यांच्या परस्पर तारखा करतं. पेस्ट झाल्यावर असं दिसतं (आकडे आणि क्रमांक नमुन्यापुरते):

```
6 लोही 12.0 180.4 75.0
बोरी
7 34.5 212.0 88.1
अरब
8 लाडखेड - 164.2 68.4
```

क्रमांकानंतर मंडळ, 24 तासांचा पाऊस, हंगामाची बेरीज आणि टक्केवारी असा क्रम आहे. खरी गोम बोरी अरबमध्ये आहे. लांब नाव चौकटीत दोन ओळींत मोडतं आणि आकडे उभ्या मधोमध बसवलेले असतात. त्यामुळे कॉपी करताना नावाचा पहिला तुकडा क्रमांकाच्या आधी येतो, दुसरा नंतर. नुसत्या ओळी जोडल्या तर ‘बोरी’ लोहीच्या शेपटीला चिकटते.

आधी पानापानावरची शीर्षकं आणि ‘तालुका सरासरी’च्या ओळी कापून दुसऱ्या शीटवर ठेवा. सरासरी फेकू नका, पुढे लागते. मग B2 मध्ये गट क्रमांक:

```
=IF(IFERROR(VALUE(REGEXEXTRACT(A2,"^([0-9]+) ")),0)=N(B1)+1,N(B1)+1,N(B1))
```

ओळ आकड्याने सुरू झाली एवढ्यावर नवा गट धरत नाही. तो आकडा मागच्या क्रमांकाच्या बरोबर पुढचा असला तरच धरतो. कारण कधी कधी आकडेच खालच्या ओळीवर घसरतात, आणि ‘0 180.4 75.0’ अशी ओळही आकड्यानेच सुरू होते. तक्त्यात देवनागरी अंक असतील तर आधी बदलून घ्या, सूत्रातलं `[0-9]` त्यांना ओळखत नाही.

D मध्ये 1 पासून क्रमांक, आणि E2 मध्ये जोडणी:

```
=TRIM(TEXTJOIN(" ",TRUE,FILTER(A$2:A,B$2:B=D2)))
```

आता नावांचं काय? मी नावं पीडीएफमधून घेणंच सोडलं. एक तर तुकडे शेजारच्या गटात जातात, आणि मराठी पीडीएफमधून कॉपी केलं की वेलांट्या नि जोडाक्षरं पुष्कळदा विस्कटतात. तालुका आणि मंडळांची यादी एकदाच हाताने टाइप केली, क्रमांकासह, ‘यादी’ नावाच्या शीटवर. पीडीएफमधून फक्त आकडे उचलतो. F2 मध्ये:

```
=REGEXEXTRACT(E2,"^([0-9]+) .*?([0-9][0-9.]*|-) ([0-9][0-9.]*|-) ([0-9][0-9.]*|-)(?: [^0-9]*)?$")
```

एका सूत्रातून F ते I चार रकाने भरतात. शेपटीला चिकटलेली ‘बोरी’ शेवटच्या कंसात गळून पडते. नाव `VLOOKUP` ने D मधल्या क्रमांकावरून यादीतून येतं; F मधला क्रमांक मजकूर असतो, तो यादीतल्या आकड्याशी जुळत नाही. F मध्ये जिथे `#N/A` दिसतं तिथे ओळ अजून तुटलेली आहे, तेवढीच हाताने बघायची.

निघालेले आकडे अजून मजकूरच असतात. डावीकडे चिकटलेले दिसतात आणि `SUM` शून्य देतं. म्हणून J2:

```
=IF(G2="-","",VALUE(G2))
```

इथे एक हट्ट धरतो: डॅशचा शून्य करायचा नाही. शून्य म्हणजे पाऊस नाही, डॅश म्हणजे नोंद नाही. आमच्या एका काकांनी सगळे डॅश शून्य करून टाकले होते. त्यांच्या तालुक्याची सरासरी खाली आली आणि ते म्हणाले, “काहून बे, यंदा एवढा कमी पडला?”

शेवटचं शीट लांबट ठेवलं आहे: तारीख, तालुका, मंडळ, पाऊस, दर दिवशी दर मंडळाची एक ओळ. पिव्होट टेबल त्यावरच नीट चालतो. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी 8:30 ला संपतो, म्हणून 12 तारखेच्या नोंदीतला बराच पाऊस 11 चा असतो. घरच्या मापाशी ताडताना ते ध्यानात ठेवा.

पडताळणी बाजूला ठेवलेल्या सरासरीवरून करतो. तालुक्याच्या J रकान्याचं `AVERAGE` तिच्याशी दशांशाच्या फरकाने जुळलं पाहिजे. तक्त्यातला शेवटचा क्रमांक आणि माझ्या यादीची लांबी एक नसेल तर मधे नवं मंडळ घुसलंय आणि त्याखालची सगळी नावं एक घर सरकलीत, तेव्हा आधी यादी दुरुस्त. दोन मंडळांची फक्त अदलाबदल झाली असेल तर मात्र यातलं काहीच बोलत नाही. त्यासाठी दर तक्त्यात तालुक्यामागे एक नाव मूळ पीडीएफशी डोळ्याने जुळवतो.

स्कॅन केलेल्या जुन्या तक्त्यांतून मजकूर कॉपीच होत नाही. ते सध्या बाजूला ठेवलेत.